स्टेजमागून स्टेज: डेसिबलमधल्या गेनची बेरीज, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला सिडकोत माझ्या घरातल्या एका खोलीत टेबल, स्कोप, फंक्शन जनरेटर आणि सुट्या पार्टचे डबे आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारे काही जण आणि डिप्लोमाची मुलंमुली तिथे प्रॅक्टिकलसाठी येतात. दोन-तीन स्टेजचा अ‍ॅम्प्लिफायर जोडायला घेतला की तेच तेच प्रश्न निघतात, म्हणून ते इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. बहुतेक उत्तरांत एकच सर्किट येईल. दिंडोरीकडच्या एका मुलीने गावातल्या भजनी मंडळाच्या माइकसाठी केलेला दोन ट्रान्झिस्टरचा प्रीअ‍ॅम्प्लिफायर. तिची वही आणि स्कोपवरचं रीडिंग जुळत नव्हतं. ते का जुळत नव्हतं हे नीट कळलं की या विषयातलं अवघड ते जवळपास सगळं कळतं.

डेसिबलमध्ये गेनचा गुणाकार न करता बेरीज का चालते?

पहिली स्टेज सिग्नल १० पट करते आणि दुसरी २० पट, तर दोन्ही मिळून २०० पट. हा झाला गुणाकार. लॉगॅरिदमचा मूळ गुणच असा की दोन संख्यांच्या गुणाकाराचा लॉग म्हणजे त्यांच्या लॉगची बेरीज. नेपिअरने १६१४ साली लॉगॅरिदम छापले ते याच सोयीसाठी. १० पट म्हणजे २० डीबी, २० पट म्हणजे २६ डीबी; बेरीज ४६ डीबी, आणि ४६ डीबी म्हणजे २०० पट.

```
A(dB) = 20 * log10(Vout / Vin)
A_total(dB) = A1(dB) + A2(dB) + A3(dB)
```

हे एकक टेलिफोनवाल्यांनी आणलं. लांब पल्ल्याच्या तारेत सिग्नल मैलागणिक ठरावीक पटीने कमी होतो आणि मधल्या रिपीटरमध्ये पुन्हा वाढतो. शंभर ठिकाणचे गुणाकार-भागाकार करत बसण्यापेक्षा बेरीज-वजाबाकी सोपी. अमेरिकेतल्या बेल कंपनीने आधी त्याला ‘ट्रान्समिशन युनिट’ म्हटलं आणि १९२८ साली डेसिबल हे नाव दिलं. म्हणजे डेसिबलचा जन्मच एकामागून एक जोडलेल्या स्टेजेससाठी झाला आहे.

सूत्रात कुठे २० आणि कुठे १० असतं. व्होल्टेजला २० का?

डेसिबलची मूळ व्याख्या पॉवरची आहे: पॉवरच्या गुणोत्तराच्या लॉगला १० ने गुणायचं. पॉवर व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते आणि वर्ग लॉगच्या बाहेर आला की २ होऊन येतो. दहा दुणे वीस.

इथे एक अट आहे. हा हिशोब काटेकोरपणे तेव्हाच खरा, जेव्हा दोन्ही व्होल्टेज सारख्याच रेझिस्टन्सवर मोजलेले असतात. टेलिफोनच्या लाइनवर सगळीकडे ६०० ओहम होते, तिथे हे आपोआप जमायचं. ट्रान्झिस्टरच्या स्टेजमध्ये इनपुटचा रेझिस्टन्स वेगळा आणि आउटपुटचा वेगळा. तरीही आपण २० वापरतो, कारण व्होल्टेज गेनसाठी तशी पद्धत सर्वमान्य झाली आहे. लक्षात एवढंच ठेवायचं की अशा सर्किटचा ‘४६ डीबी व्होल्टेज गेन’ म्हणजे ‘४६ डीबी पॉवर गेन’ नव्हे. पुढे एमिटर फॉलोअरच्या उत्तरात हा फरक आकड्यांत दिसेल.

एक पूर्ण उदाहरण दाखवाल का?

तेच भजनी मंडळाचं सर्किट घेऊ. दोन्ही स्टेज हुबेहूब सारख्या, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, कॉमन एमिटर, सप्लाय १२ व्होल्ट. बेसला बायस देणारे रेझिस्टर ४७ किलोओहम आणि १० किलोओहम. कलेक्टरला ४.७ किलोओहम. एमिटरला आधी २२० ओहम आणि त्याच्याखाली १.२ किलोओहम, यातल्या १.२ किलोओहमवर १०० मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर. दोन स्टेजच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर.

डीसीचा हिशोब असा. बेसवर साधारण २ व्होल्ट येतात, एमिटरवर १.४ व्होल्ट, आणि एमिटरला एकूण १.४२ किलोओहम असल्यामुळे करंट जवळजवळ बरोबर १ मिलिअ‍ॅम्पिअर. या करंटला ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आतला एमिटर रेझिस्टन्स सुमारे २६ ओहम. सिग्नलला एमिटरमध्ये दिसतात ते २६ अधिक २२० म्हणजे २४६ ओहम, कारण १.२ किलोओहम कपॅसिटरने सिग्नलपुरते बाजूला काढले आहेत.

गेन म्हणजे कलेक्टरचा रेझिस्टन्स भागिले एमिटरचा: ४७०० भागिले २४६ बरोबर १९.१ पट. डेसिबलमध्ये २५.६.

त्या मुलीच्या वहीत पुढची ओळ अशी होती: २५.६ अधिक २५.६ बरोबर ५१.२ डीबी, म्हणजे ३६५ पट. ५ मिलिव्होल्ट शिखर असलेला १ किलोहर्ट्झचा सिग्नल दिला तर आउटपुटला १.८ व्होल्ट शिखर दिसायला हवं. स्कोपवर दिसलं १.१ व्होल्ट. म्हणजे २१९ पट, ४६.८ डीबी. तब्बल ४.४ डीबी कुठेतरी गेले होते.

तिने दोन्ही ट्रान्झिस्टर बदलून पाहिले, रेझिस्टर मीटरवर तपासले, ब्रेडबोर्ड बदलला. सगळं ठीक होतं. सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी वहीतली ती बेरजेची ओळ पुन्हा वाचायला हवी होती.

मग बेरीज चुकली का?

बेरीज बरोबर आहे, बेरजेत घातलेला पहिला आकडा चुकला आहे. १९.१ पट हा गेन पहिल्या स्टेजचा आहे खरा, पण ती एकटी असतानाचा, तिच्या आउटपुटला काहीच जोडलेलं नसतानाचा. दुसरी स्टेज जोडली की तिचा इनपुट रेझिस्टन्स पहिलीच्या गळ्यात पडतो. यालाच लोडिंग म्हणतात.

दुसऱ्या स्टेजचा इनपुट रेझिस्टन्स काढू. बायसचे ४७ किलोओहम आणि १० किलोओहम सिग्नलला समांतर दिसतात. ते मिळून ८.२५ किलोओहम. ट्रान्झिस्टरच्या बेसमधून दिसणारा रेझिस्टन्स म्हणजे बीटा गुणिले २४६. बीटा २०० धरला तर ४९ किलोओहम. दोन्ही समांतर घेतले की सुमारे ७.०६ किलोओहम. (बीटा ३०० असला तरी हा आकडा ७.४ च्या आसपास जातो. बायसचे रेझिस्टरच इथे मालक आहेत, म्हणून ट्रान्झिस्टर बदलून फरक पडला नाही.)

आता पहिल्या स्टेजचा कलेक्टर ४.७ किलोओहमचा राहिला नाही. ४.७ आणि ७.०६ समांतर म्हणजे २.८२ किलोओहम. गेन २८२० भागिले २४६, म्हणजे ११.५ पट, २१.२ डीबी. दुसऱ्या स्टेजच्या पुढे फक्त स्कोपचा प्रोब आहे, त्याचा भार नगण्य, म्हणून तिचे २५.६ तसेच. बेरीज ४६.८ डीबी. स्कोपने तेच सांगितलं होतं.

म्हणून बेरजेआधीचा नियम असा: प्रत्येक स्टेजचा गेन तिच्या पुढची स्टेज जोडलेली असतानाच घ्यायचा. गुणाकार करतानाही हाच नियम होता, पण तिथे मुलं निदान पूर्ण सर्किट समोर ठेवून करायची. डेसिबलची बेरीज इतकी सोपी आहे की सुटे सुटे आकडे उचलून मिळवायचा मोह होतो.

दर वेळी गेन नव्याने काढायचा कंटाळा येतो. दुसरी पद्धत आहे का?

आहे, आणि मला ती जास्त आवडते. स्टेजचा एकटीचा गेन तसाच ठेवा आणि दोन स्टेजच्या मधल्या सांध्याला हिशोबात स्वतंत्र ओळ द्या. पहिल्या स्टेजचा आउटपुट रेझिस्टन्स ४.७ किलोओहम, त्याच्यापुढे दुसरीचा ७.०६ किलोओहम. हा साधा व्होल्टेज डिव्हायडर झाला. ७.०६ भागिले ११.७६ बरोबर ०.६, म्हणजे उणे ४.४ डीबी.

```
  25.6   stage 1, no load
-  4.4   4.7k into 7.06k
+ 25.6   stage 2, no load
= 46.8 dB
```

हरवलेले ४.४ डीबी आता कागदावर नावानिशी दिसतात. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक सांध्याला एक ओळ द्यायची, गुणोत्तरावर `=20*LOG10(B2)` लावायचं आणि खाली बेरीज करायची. जिथे मोठा उणे आकडा दिसेल तिथे सुधारणेला जागा आहे.

दोन्ही पद्धती एकाच हिशोबात मिसळू नका. पहिल्या स्टेजचा गेन लोडसकट २१.२ घेतला आणि वर पुन्हा ४.४ वजा केले तर तोच तोटा दोनदा धरला जातो. परीक्षेच्या पेपरात ही चूक मी वारंवार पाहिली आहे.

लोडिंगच दोषी आहे हे टेबलावर कसं ओळखायचं?

स्कोपचा प्रोब पहिल्या स्टेजच्या कलेक्टरवर ठेवा आणि मधला कपलिंग कपॅसिटर एका बाजूने उचला. आपल्या सर्किटमध्ये ५ मिलिव्होल्ट इनपुटला कलेक्टरवर आधी ५७ मिलिव्होल्ट दिसत होते. कपॅसिटर उचलताच ९६ मिलिव्होल्ट झाले. दुसरी स्टेज दूर केल्यावर पहिली उसळली, म्हणजे ती दबलेली होती. कपॅसिटर काढूनही काहीच हललं नाही, तर तोटा दुसरीकडे शोधायचा.

५ मिलिव्होल्ट स्कोपवर नीट वाचता येत नाहीत, जाड गोंगाटाची रेघ दिसते. त्यासाठी जनरेटरमधून अर्धा व्होल्ट घ्या आणि १० किलोओहम व १०० ओहमच्या डिव्हायडरमधून सर्किटला द्या. हा डिव्हायडर उणे ४०.१ डीबीची एक स्टेजच आहे. मोठा सिग्नल सहज मोजायचा, एकूण आकड्यात ४०.१ मिळवायचे. डिव्हायडरचा आउटपुट रेझिस्टन्स १०० ओहमच्या आतला असल्यामुळे ७ किलोओहमच्या इनपुटला तो जवळपास जाणवत नाही.

माइकचं तसं नाही. डायनॅमिक माइक ६०० ओहमचा धरला तर ७.०६ किलोओहमच्या इनपुटवर ०.७ डीबी तिथेच जातात. थोडेच आहेत, पण सांधा तोही आहे, त्यालाही ओळ द्यायची.

हे ४.४ डीबी परत मिळवता येतात का?

येतात, आणि ते ज्या स्टेजने मिळतात तिचा स्वतःचा गेन शून्य डीबीपेक्षा कमी असतो. दोन स्टेजच्या मध्ये एमिटर फॉलोअर बसवायचा. तिसरा बीसी ५४७ घ्या, त्याचा बेस थेट पहिल्या स्टेजच्या कलेक्टरला, कलेक्टर सप्लायला, एमिटरला ४.७ किलोओहम, आणि एमिटरवरून कपलिंग कपॅसिटर पुढे.

पहिल्या स्टेजच्या कलेक्टरवर ७.३ व्होल्ट डीसी आहेत, त्यामुळे फॉलोअरच्या एमिटरवर साधारण ६.६ व्होल्ट आणि करंट १.४ मिलिअ‍ॅम्पिअर. त्याला पुढे दिसतात ४.७ आणि ७.०६ समांतर, म्हणजे २.८२ किलोओहम. त्याचा व्होल्टेज गेन ०.९९३, उणे ०.०६ डीबी. पण त्याच्या बेसमधून पाहिलं तर बीटा पटीने म्हणजे साडेपाचशे किलोओहमच्या वर दिसतात. पहिल्या स्टेजला हा भार नसल्यासारखाच. तिचे २५.६ मधले जेमतेम ०.१ डीबी जातात.

२५.५५, उणे ०.०६, अधिक २५.६: एकूण ५१.१ डीबी. ५ मिलिव्होल्टला १.८ व्होल्ट. वहीतला आकडा आता स्कोपवर आला, एक ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर वाढवून.

मघाशी म्हटलेला व्होल्टेज आणि पॉवरमधला फरक इथे पाहा. फॉलोअरने व्होल्टेज किंचित कमीच केला. पण तो व्होल्टेज साडेपाचशे किलोओहमवर घेऊन ७ किलोओहमवर दिला, म्हणजे पॉवर सुमारे ८० पट, १९ डीबी. म्हणून ‘फॉलोअरचा गेन किती’ या प्रश्नावर आधी विचारा, व्होल्टेजचा की पॉवरचा.

मध्ये व्हॉल्यूम कंट्रोल आहे. तो बेरजेत कसा धरायचा?

उणे डेसिबल असलेली स्टेज म्हणून. पण पॉट अर्ध्यावर म्हणजे उणे ६ डीबी असं डोळे झाकून लिहू नका. फॉलोअर नसलेल्या मूळ सर्किटमध्ये दोन स्टेजच्या मध्ये १० किलोओहमचा लिनिअर पॉट घातला आणि तो बरोबर मध्यावर आहे असं धरू. वर ५ किलोओहम, खाली ५ किलोओहम, आणि खालच्या अर्ध्याला समांतर दुसऱ्या स्टेजचे ७.०६. खालची बाजू २.९३ किलोओहम झाली. पहिल्या स्टेजचे ४.७, वरचे ५ आणि खालचे २.९३ मिळून १२.६३. त्यातला वाटा ०.२३२, म्हणजे उणे १२.७ डीबी. एकूण २५.६ उणे १२.७ अधिक २५.६ बरोबर ३८.५ डीबी. पॉट नसतानाच्या ४६.८ मधून ६ वजा केले असते तर ४०.८ आले असते.

पॉट पूर्ण वर असला तरी तो १० किलोओहमचा भार म्हणून लटकलेलाच असतो. तेव्हाही एकूण ४४.६ डीबीच मिळतात. ‘आवाज पूर्ण वाढवला तरी आधीइतका येत नाही’ या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं. पॉटआधी फॉलोअर घ्या किंवा पॉट मोठ्या किंमतीचा घ्या. पण ४७ किलोओहमचा घेतलात तर त्याच्यापुढचा इनपुट रेझिस्टन्सही वाढवावा लागेल, नाहीतर पॉट अर्ध्यावर असताना आवाज फारच खाली जातो.

कॉमन एमिटरचा गेन उणे १९.१ लिहितात. उणे संख्येचा लॉग कसा घ्यायचा?

घ्यायचा नाही. ते उणे चिन्ह सिग्नल उलटा होतो, फेज १८० अंश फिरते एवढंच सांगतं. डेसिबलसाठी चिन्ह सोडून फक्त १९.१ घ्या आणि फेज वेगळी लिहा. डेसिबलमधल्या उणेचा अर्थ अगदी वेगळा: सिग्नल कमी झाला. आपल्या सर्किटमध्ये दोन स्टेज दोनदा उलटवतात, म्हणून आउटपुट इनपुटच्या फेजमध्ये येतं.

हिशोब आणि मोजमाप यात फरक आला तर सुरुवात कुठून करायची?

फरक किती डीबीचा आहे ते आधी पाहा. पुष्कळ चुका ठरावीक मापाच्या असतात आणि त्या मापावरून ओळखू येतात. डेसिबल वापरण्याचा हा फायदा पुस्तकात फारसा सांगितलेला नसतो.

बरोबर २० डीबीचा फरक असेल तर प्रोबचं बटण पाहा: प्रोब १० पटीवर आणि स्कोपचं चॅनल १ पटीवर, किंवा उलट. ६ डीबीचा असेल तर बहुधा फंक्शन जनरेटरची लोड सेटिंग. जनरेटर समजून चालतो की पुढे ५० ओहमचा लोड आहे आणि पडद्यावर तसा आकडा दाखवतो. आपला इनपुट किलोओहममध्ये असल्यामुळे प्रत्यक्षात दुप्पट व्होल्टेज येतं. मेनूत हाय झेड निवडलं की आकडा जुळतो. मी स्वतः एकदा अख्खी संध्याकाळ हे ६ डीबी ट्रान्झिस्टरमध्ये शोधले आहेत. तेव्हापासून इनपुटचा आकडा जनरेटरच्या पडद्यावरून घेत नाही, स्कोपचं दुसरं चॅनल इनपुटवरच ठेवतो.

शिखर ते शिखर एका बाजूला आणि नुसतं शिखर दुसऱ्या बाजूला घेतलं तरीही ६ डीबीचाच फरक येतो. शिखर आणि आरएमएस मिसळले तर ३ डीबी, शिखर ते शिखर आणि आरएमएस मिसळले तर ९ डीबी. आकडा बरोबर निम्मा आला असेल, म्हणजे ४६.८ ऐवजी २३.४, तर सूत्रात २० ऐवजी १० पडले आहेत.

आणि ४.४ सारखा वेडावाकडा आकडा आला की लोडिंगकडे वळा. रेझिस्टरच्या किंमती मनाला येतील त्या गुणोत्तरात असतात, म्हणून लोडिंगचा तोटाही गोल आकड्यात येत नाही.

डीबीव्ही आणि डीबीयू हेही डीबीत मिळवायचे का?

एका पातळीत कितीही गेन मिळवता येतात. दोन पातळ्या एकमेकींत मिळवता येत नाहीत. डीबीव्ही म्हणजे १ व्होल्ट आरएमएसच्या तुलनेत किती. डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्टच्या तुलनेत, जो ६०० ओहमवर १ मिलिवॉट देणारा व्होल्टेज आहे.

आपलं ५ मिलिव्होल्ट शिखर म्हणजे ३.५४ मिलिव्होल्ट आरएमएस, उणे ४९ डीबीव्ही. त्यात ४६.८ डीबी गेन मिळवला की उणे २.२ डीबीव्ही. हे जवळजवळ बरोबर ०.७७५ व्होल्ट, म्हणजे ० डीबीयू. योगायोगच आहे, पण त्यामुळे हे उदाहरण मुलांच्या लक्षात राहतं.

कॅलक्युलेटर हाताशी नसेल तर?

६ डीबी म्हणजे २ पट, २० डीबी म्हणजे १० पट, एवढ्यावर बरंच भागतं. ४६.८ घ्या: ४० म्हणजे १०० पट, ६ म्हणजे दुप्पट, उरलेले ०.८ म्हणजे जवळजवळ १.१ पट. १०० गुणिले २ गुणिले १.१ बरोबर २२०. खरा आकडा २१९. ५ पट हवे असतील तर २० मधून ६ वजा करा: १४ डीबी.

१ किलोहर्ट्झला बेरीज जुळते, पण खालच्या सुरांत आवाज पातळ का होतो?

बेरीज प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळी होते. एखाद्या फ्रिक्वेन्सीला पहिली स्टेज ३ डीबी खाली असेल आणि दुसरीही ३ डीबी खाली, तर एकूण ६ डीबी खाली, म्हणजे निम्मा व्होल्टेज. दोन्ही स्टेजची खालची सीमा १०० हर्ट्झ असेल तर जोडणीची ३ डीबीची सीमा १०० वर राहत नाही, १५५ हर्ट्झच्या आसपास चढते.

आपल्या सर्किटमध्ये मधल्या कपॅसिटरला ४.७ आणि ७.०६ मिळून ११.८ किलोओहम दिसतात. १० मायक्रोफॅरडला सीमा १.४ हर्ट्झच्या आत येते, काळजी नाही. त्याच जागी ०.१ मायक्रोफॅरड बसवला तर सीमा १३५ हर्ट्झ. पखवाजाची धुम तिथेच जाते.

बेरीज कुठे लागू होत नाही?

समांतर आलेल्या सिग्नलना लागू होत नाही. दोन माइकचे १-१ व्होल्ट मिक्सरमध्ये एकाच फेजमध्ये मिळाले तर २ व्होल्ट होतात, म्हणजे फक्त ६ डीबी वाढ. दोन्ही चॅनलचे गेन मिळवून काहीही सिद्ध होत नाही. गोंगाटालाही लागू होत नाही: पहिल्या स्टेजचा गोंगाट पुढच्या सगळ्या स्टेज वाढवतात, शेवटचीचा कोणीच वाढवत नाही. म्हणून गेन शक्यतो सुरुवातीला घ्यायचा आणि व्हॉल्यूमचा पॉट माइकपाशी लावायचा नाही.

आणि सप्लायच्या पलीकडे लागू होत नाही. फॉलोअर घातलेल्या सर्किटमध्ये ५१.१ डीबी आहेत. गायक माइकच्या अगदी जवळ आला आणि २० मिलिव्होल्ट शिखर आलं, तर हिशोब ७.२ व्होल्ट सांगतो. पण कलेक्टर ७.३ व्होल्टवर आहे आणि सप्लाय १२. वर जायला ४.७ व्होल्टच जागा आहे, म्हणून लाटेचा माथा सपाट कापला जातो. मीटरवर तेव्हा गेन कमी झाल्यासारखा वाटतो आणि लोक पुन्हा लोडिंग शोधायला लागतात. इनपुट निम्मं करून पाहा. गेन आधीपेक्षा वाढलेला दिसला तर ते क्लिपिंग होतं. इनपुट निम्मं केल्यावर आउटपुटही निम्मं झालं आणि गेन तसाच राहिला, तर सर्किट सरळ चालू आहे आणि तुमची बेरीज त्याला लागू आहे.

त्या मुलीने शेवटी फॉलोअर ठेवला आणि दुसऱ्या स्टेजच्या २२० ओहमच्या जागी ४७० घातले. त्यामुळे दुसरीचा गेन २५.६ वरून १९.५ डीबीवर आला आणि एकूण ४५ डीबी उरले. २० मिलिव्होल्टला आउटपुट ३.६ व्होल्टपर्यंतच जातं, माथा कापला जात नाही. बायस थोडा सरकू नये म्हणून तिने खालचा १.२ किलोओहम बदलून १ किलोओहम केला. वहीत चार ओळी आणि खाली बेरीज. स्कोपवरचं रीडिंग तिच्या आकड्यापासून पाव डीबीच्या आत होतं.